मूर्ती म्हणजेच देव, की मन लावायचं ठिकाण?

कृष्णाकाठ (सांगली): घरी दीड दिवसाचा गणपती असतो. मुलगी विचारते, काल मोदक भरवले त्यालाच आज बुडवायचं? मी म्हणालो, मूर्ती देव नव्हे, मन एकाग्र करायचं साधन. आई भडकली. कोण बरोबर?

वाईकर गुरुजी: दोघंही अर्धे. बाजारातून आणून पाटावर ठेवली तरी ती मातीच असते. प्राणप्रतिष्ठेत मूर्तीच्या हृदयाला हात लावून ‘अस्यै प्राणाः प्रतिष्ठन्तु’ म्हणतो, गर्भाधानापासूनचे पंधरा संस्कार व्हावेत म्हणून पंधरा वेळा ॐकार म्हणतो, तूप लावलेली दूर्वा डोळ्यांना लावतो. तिथून पुढे तो देव. उत्तरपूजेत ‘यान्तु देवगणाः सर्वे’ म्हणून अक्षता वाहिल्या, मूर्ती जागची हलवली, की पुन्हा माती. तांदळावर मांडलेल्या सुपारीचंही तेच. पूजेपुरती ती गणपती, विसर्जनानंतर अडकित्त्यात घातली तरी कुणाला पाप वाटत नाही.

तर्कट_मिरज: म्हणजे साधनच की! काम झालं, ठेवून दिलं.

वाईकर गुरुजी: साधनाला कुणी नैवेद्य दाखवून पडदा धरतं का? चष्म्याला धरता?

घाटावरचा: शाडूचीच आणा हो, पीओपी विरघळत नाही.

फलटणची माळकरीण: विषय काय, हे काय! गुरुजी, तुमचं पार्थिव गणपतीला लागू. आमच्या विठोबाला कोण ‘यान्तु’ म्हणतं? आषाढीला त्याचा पलंग काढतात, कारण गर्दी आहे तोवर देव झोपत नाही. नंतर प्रक्षाळपूजेला शिणवटा जावा म्हणून काढा देतात. नुसत्या खुणेला शिणवटा येतो होय?

तर्कट_मिरज: आणि त्याच विठोबाच्या पायांची झीज झाली म्हणून वज्रलेप करतात. देव झिजतो?

फलटणची माळकरीण: माय म्हातारी होते म्हणून ती माय नसते का?

वाडीचा_पूरग्रस्त: आम्हाला यातलं काही कळत नाही. 2019 च्या पुरात घरात पाणी शिरलं, तेव्हा आईनं आधी देवघरातले चांदीचे टाक पदरात बांधले. सातबारा राहिला माळ्यावर, भिजला. त्यात खंडोबाचा टाक पार घासून गुळगुळीत झालेला, नाक-डोळे काही उरले नाहीत. सोनाराकडे नवा घडवूया म्हटलं तर दोन दिवस बोलली नाही.

वाईकर गुरुजी: शास्त्राप्रमाणे झिजलेला टाक बदलता येतो, जुन्याचं विसर्जन करून. पण आईंना सांगायला मी येणार नाही.

कृष्णाकाठ (सांगली): गुरुजींचं मुलीला सांगितलं, की देव घरीच उत्तरपूजेला निघून गेले, घाटावर बुडवतो ती माती. ती म्हणाली, मग घाटावर पुन्हा आरती कुणाची करतो?

वाईकर गुरुजी: ती लोकांची रीत आहे, पोथीत नाही.

फलटणची माळकरीण: पोथीत नाही म्हणून यंदा आरती न करता सोडून बघा. जमतंय का, ते कळवा.