तिसरी भाषा का शिकावी: भाषणातला हा मुद्दा टिकेल का?

ऋचा_वडोदरा: महाविद्यालयाच्या वक्तृत्व मंडळात मला ‘तिसरी भाषा का शिकावी’ या विषयावर भाषण करायचे आहे. घरी मराठी आणि बाहेर गुजराती बोलणारी मी सध्या जर्मन शिकते आहे. दोन भाषा येत असल्या की तिसरी सोपी जाते, म्हणून ती शिकावीच, असे मी मांडणार आहे. हा मुद्दा टिकेल का?

दांडियाबाजारकर: टिकणार नाही. हिंदी आणि इंग्रजी धरल्यास जर्मन ही तुमची पाचवी भाषा ठरते. जर्मन शिकताना मदत होते ती इंग्रजीचीच, कारण लिपी तीच आहे आणि कितीतरी शब्द जवळचे आहेत. त्यात मराठी-गुजरातीचा काय संबंध? तोच वेळ इंग्रजी पक्की करण्यात घालवावा.

मंगला सोसायटीतली आई: माझ्या मुलाला शाळेत तिसरी भाषा सक्तीची आहे. परीक्षा झाली की सारे विसरतो. मुलांवर हे ओझे कशासाठी?

जुना_जर्मन_शिक्षक: ताई, सक्तीचा प्रश्न वेगळा आहे, ऋचा स्वतःहून शिकते आहे. दांडियाबाजारकरांचे म्हणणे शब्दांपुरते खरे आहे, पण वाक्यरचनेत इंग्रजीच दगा देते. ‘आज मी जातो’ हे मुले ‘हॉयटे इश गेहे’ असे लिहितात, कारण इंग्रजीत ‘आज’नंतर कर्ता येतो. जर्मनमध्ये मात्र क्रियापद दुसऱ्या स्थानी हवे, म्हणून ‘हॉयटे गेहे इश’ असे म्हणावे लागते. याउलट ‘कारण तो आजारी आहे’ हे जर्मनमध्ये ‘वाइल एर क्रांक इस्ट’ असे होते, आणि त्यात शब्दांचा क्रम मराठीशी तंतोतंत जुळतो. बोलताना जर्मन माणसेही कधी कधी तो मोडतात, लेखनात मात्र ती चूकच समजली जाते. वर्गात मी विद्यार्थ्यांना आधी मराठी वाक्य मनात आणायला सांगत असे आणि इंग्रजी वळणाची चूक पुष्कळ कमी होई.

लिंगांच्या बाबतीत मात्र सावध राहा. मराठी आणि गुजरातीतही तीन लिंगे असल्याने नपुंसकलिंगाचे नवल वाटत नाही, पण कोणत्या नामाचे लिंग कोणते हे पाठच करावे लागते. आपला सूर्य पुल्लिंगी, जर्मनांचा स्त्रीलिंगी. त्यामुळे ‘सोपी जाते’ असे सरसकट म्हणू नका. आधीची कोणती भाषा कुठे हात देते आणि कुठे चकवते, ते सांगा.

ऋचा_वडोदरा: सर, हे मला पटले. ‘कारण’ असलेली वाक्ये मी आजवर नकळत बोलत होते. जर्मनमुळे त्यांची घडण प्रथमच दिसली. भाषणात मी हाच लाभ मांडेन.

दांडियाबाजारकर: उदाहरण चांगले आहे, हे मान्य. पण ‘वाइल’ची वाक्ये बहुधा ए-२ पातळीवर येतात आणि बरेच जण ए-१ करून थांबतात. त्यांच्या पदरात यातले काय पडते, याचे उत्तर भाषणात हवे.