अनुभव धागा: ठिबकचा खर्च कुठे कमी केला आणि तो कुठे अंगाशी आला?

सिन्नर, एक एकर टोमॅटो

नमस्कार मंडळी. आमची विहीर फेब्रुवारीत तळ गाठते, म्हणून ठिबक करायचंच होतं. पण दुकानदाराने चार फुटांवर एक नळी धरून हिशेब दिला आणि आम्ही दोघं तसेच घरी परतलो. एकराला ३,३०० मीटरच्या वर नळी लागत होती, आणि बिलात सगळ्यात मोठा आकडा नळीचाच होता.

मग सासऱ्यांनी जोडओळीचं सुचवलं. चार-चार फुटांवर ओळी लावण्याऐवजी दोन ओळी दोन फुटांवर जवळ घ्यायच्या, पुढे सहा फुटांचा पट्टा मोकळा सोडायचा, आणि दोन ओळींच्या मधोमध एकच नळी टाकायची. रोपं तेवढीच बसतात, नळी मात्र आठ फुटांवर एक. म्हणजे १,६६० मीटरच्या आसपास, निम्मी. नळी, फिल्टर सगळं मार्कवालंच घेतलं. कमी केली ती फक्त लांबी.

पहिल्या महिन्यात तीस गुंठ्यांतलं पीक तरारून आलं. विहिरीपलीकडच्या दहा गुंठ्यांत मात्र रोपं दुपारी माना टाकायची. मला वाटलं ड्रीपर चोकअप झाले. सासऱ्यांनी रात्रभर पाणी चालू ठेवायला लावलं आणि सकाळी कुदळीने बेडला आडवा चर खणला. काळ्या मातीत ओल दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा फूट पसरली होती, म्हणजे दोन्ही ओळींच्या मुळांखाली पोचली होती. मुरमाड भागात ओल वीतभर रुंद आणि पार दोन फूट खाली गेलेली. पाणी वाया चाललं होतं आणि रोपं तहानलेली होती. तिथे दुसरी नळी टाकावी लागली. तरी एकूण २,०७५ मीटरमध्ये भागलं.

तुम्ही कुठे वाचवलं आणि काय झालं, ते लिहा. फसलेलं आधी लिहिलंत तरी चालेल.

येवला, पेप्सीवाला

ताई, आम्ही पेप्सी वापरली. बर्फाची पेप्सी भरतात ती पातळ प्लास्टिकची नळी, किलोवर मिळते. मध्य प्रदेशात खरगोनकडे कापूसवाल्यांनी ही युक्ती आधी केली, तिकडच्या पाहुण्याकडून आमच्याकडे आली. सुईने भोकं पाडायची आणि सोडायची. पैसे नसताना एक हंगाम निघाला, हे मी नाकारणार नाही. त्या वर्षी ती नळी नसती तर मिरची लावलीच नसती.

पण व्हॉल्व्ह अर्ध्यापेक्षा जास्त उघडला की नळी फुगून फाटायची. कडेच्या दहा-बारा रोपांना पाण्याचा लोट आणि शेवटच्या टोकाला थेंब नाही. पांढरी नळी असल्याने आत ऊन जायचं, महिन्याभरात आतून हिरवं शेवाळ. दुसऱ्या वर्षी काळी घेतली, शेवाळ कमी झालं. पण उन्हाने ती दोन्ही वर्षं हंगामाच्या शेवटी हाताने तुटत होती. सगळ्यात वाईट म्हणजे नांगरटीच्या वेळी तुकडे मातीत राहतात. अजून निघतात.

पिंपळगाव बसवंत, २२ वर्षं ठिबक फिटिंग

सिन्नरच्या ताईंनी चर खणून पाहिला, हे फार बरोबर केलं. आमच्या धंद्यातली कितीतरी माणसं तेवढंही करत नाहीत. स्वस्त करताना कात्री कुठे लावायची यावर सगळं ठरतं. नळीची लांबी कमी केली तर मातीने साथ द्यायला हवी, तिथे माती हाच पंच. नळीची जाडी कमी केली तर आयुष्य कमी होतं, पण तेवढं माहीत असून हंगामापुरती घेतली तर तो चालणारा व्यवहार आहे. कृषक बंधू या नावाने आयडीई संस्थेने जे पातळ नळीचं, कमी दाबाचं ठिबक आणलं, त्यामागे हाच विचार होता: भांडवल कमी, दाब कमी, आणि नंतर जमेल तसं वाढवायचं. येवल्याच्या भाऊंच्या पेप्सीत आणि त्यात फरक भोकाचा. सुईचं भोक जागोजागी वेगळं पडतं आणि त्यात दाबावर काही ताबा राहत नाही. ठरावीक लांबीची बारीक मायक्रोट्यूब खोचली तर पाणी निदान सारखं पडतं.

जिथे कात्री लावायची नाही ती जागा फिल्टर. माझ्याकडे तक्रार घेऊन येणाऱ्या दहातले सहा-सात फिल्टरवर वाचवून आलेले असायचे.

निफाड, द्राक्ष आणि थोडा भाजीपाला

फिल्टरबद्दल मला वेगळं वाटतं, काका. आम्ही जुन्या सुती साडीचे चार पदर करून पाइपच्या तोंडाला बांधले, तीन वर्षं झाली, काहीही अडकलं नाही. हजारोंचा फिल्टर गरिबाला सांगणं बरोबर नाही. पाणी गाळलं की झालं.

पिंपळगाव बसवंत

भाऊ, तुमचं पाणी विहिरीचं आणि स्वच्छ असणार. माती-कचरा साडी नक्की अडवते, तेवढं तुमचं खरं. पण शेततळ्याचं किंवा कालव्याचं पाणी असेल तर शेवाळाचा बुळबुळीत थर त्या साडीवर तासाभरात बसतो. मग मोटर ओढते आणि साडी फाटते, नाहीतर निसटून पाइपात जाते. तिथे वाळूचा फिल्टर आणि त्यापुढे जाळीचा, असे दोन्ही लागतात.

आणि पाण्यात विरघळलेला क्षार कुठल्याच कापडात अडकत नाही. तो ड्रीपरच्या तोंडाशी येऊन वाळतो. ओळखायचं सोपं आहे. ड्रीपर कापून पाहा. पांढरा, कडक थर असेल तर त्यावर ॲसिडचा थेंब टाका, फसफसला तर क्षार. बोटाला बुळबुळीत लागलं तर शेवाळ नाहीतर जिवाणू, त्याला क्लोरीन लागतं. तांबूस असेल तर लोह. एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो: ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकाच वेळी कधीच नाही, विषारी वायू निघतो. आणि ॲसिड पाण्यात ओतायचं, ॲसिडात पाणी नाही.

गंगापूर रोड, गच्चीवरची बाग

माझा प्रश्न थोडा निराळा आहे. गच्चीवर वीस कुंड्या आहेत. हॉस्पिटलमधल्या सलाईनच्या बाटल्या आणि नळ्या वापरून फुकटात ठिबक करता येतं असं ऐकलं, चाक फिरवून थेंब कमी-जास्तही करता येतात. कोणी केलंय का? कुंडीला दिवसाला किती थेंब?

सुरगाणा, आरोग्य खात्यात नोकरी, घरची शेती

ताई, वापरलेला सलाईन सेट घरी आणू नका, तो वैद्यकीय कचरा असतो आणि बाहेर द्यायलाच नको. नवा सेट स्वस्त असतो, तो घ्या. थेंब मोजण्यापेक्षा बाटली किती वेळात रिकामी होते ते बघा.

आता माझं. आमच्या पाड्यावर वीज येते-जाते, म्हणून मोटरचं ठिबक कामाचं नाही. २०० लिटरचा ड्रम मीटरभर उंच दगडी ओट्यावर ठेवला आणि त्याखाली वांगी-मिरचीच्या सहा ओळी, प्रत्येकी १० मीटर. बाजारातले नेहमीचे चार लिटरचे ड्रीपर लावले. पाणी इतकं हळू पडायचं की वाटलं माल खोटा दिला. शिवाय खालच्या ओळी चिंब आणि वरच्या कोरड्या.

आणखी एक लिहायला हवं. ड्रम स्वस्त पडला, पण तो भरायला १५ लिटरचे तेरा-चौदा हंडे लागतात आणि ते माझी जाऊ ओढ्यावरून आणते. हिशेबात हे कुणी धरलंच नव्हतं. तिनेच एक दिवस ओट्याकडे बघून विचारलं, "ही नळी रोपांना पाणी देते, मला कोण देणार?" मग ओढ्याच्या वरच्या अंगाला पाइप टाकून पाणी उताराने ड्रमात आणलं. पाइपचा खर्च ड्रम आणि नळ्या मिळून होता त्याहून जास्त झाला.

पिंपळगाव बसवंत

माल खोटा नव्हता. ड्रीपरवर लिहिलेले चार लिटर हे मोटरच्या दाबाला, म्हणजे सुमारे १० मीटर उंचीच्या पाण्याएवढ्या दाबाला. दाब दहावा हिस्सा झाला की पाणी दहावा हिस्सा होत नाही, साधारण तिसरा हिस्सा होतं. म्हणजे तुमच्या ड्रमवर तासाला जेमतेम सव्वा लिटर. तेवढं धरून जास्त वेळ चालवायचं.

ओळींचा घोळ उताराचा आहे. वरच्या ओळीला एक मीटरचा दाब आणि शेवटची ओळ अजून मीटरभर खाली असेल, तर तिला दुप्पट दाब मिळतो आणि ४० टक्के जास्त पाणी जातं. मोटरच्या १० मीटर दाबावर हाच उतार पाच टक्क्यांत जिरतो, कळतही नाही. म्हणून कमी दाबाचं ठिबक स्वस्त असलं तरी ते सपाट जमिनीचं किंवा पायऱ्यांच्या शेताचं. तुमच्याकडे नळ्या समपातळीला, आडव्या टाका आणि दर दोन ओळींना एक छोटा कॉक द्या. खालचे कॉक थोडे आवळायचे.

दिंडोरी, दोन एकर

एवढी कसरत कशाला? छोट्या शेतकऱ्याला केंद्राचं ५५ टक्के आणि राज्याची भर धरून ८० टक्के अनुदान आहे. मार्कवाला माल घ्या आणि अर्ज करा. आम्ही केला, मिळालं.

येवला, पेप्सीवाला

भाऊ, मिळतं हे खरं. पण आधी पूर्ण बिल भरायचं आणि पैसे नंतर खात्यात. ते आधीचे पैसे आणायचे कुठून? आमचा दुकानदार उधार द्यायला तयार झाला, पण बिलाचा आकडा रोखीपेक्षा एवढा फुगवून सांगितला की अनुदान त्याच्याच घरात गेलं असतं. पेप्सीला अनुदान नाही, पण तिला कुणाची सहीही लागत नाही.

दिंडोरी, दोन एकर

हे मला सुचलं नव्हतं. आमच्याकडे त्या वर्षी द्राक्षाचे पैसे हातात होते.

सिन्नर, एक एकर टोमॅटो

काकांचं वाचून काल नळ्या तपासल्या. प्लास्टिकचे डबे घेऊन पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या ड्रीपरखाली दहा मिनिटं धरले. चार लिटरचा ड्रीपर म्हणजे दहा मिनिटांत साडेसहाशे मिलीच्या वर यायला हवं. काळ्या मातीत ६५०, ६३०, ६१० आलं. मुरमाडात जी दुसरी नळी नंतर जोडली, तिच्या शेवटाला फक्त ४१०. एंडकॅप उघडली तर आधी लाल चिखल आला, मग पाणी स्वच्छ झालं. पुन्हा मोजलं तर ५२०.

अजूनही कमी आहे. नळी एका सबमेनवर जास्त झाली म्हणून दाब पडतोय, की आत क्षार आहे? उद्या एक ड्रीपर कापून ॲसिडचा थेंब टाकून बघते. फसफसलं नाही तर सबमेन वाढवायचा का, हे काकांनी सांगावं.