ऑटो डेबिट लेखी बंद केलंत? पोच कशी मिळवलीत ते सांगा

वडगाव, बेळगाव : बँकेला आणि पैसे कापणाऱ्या कंपनीला, दोघांनाही लेखी कळवून ज्यांनी कापणी थांबवली त्यांचे अनुभव हवेत. अर्जात काय लिहिलंत, पोच कोणी दिली, कोणी टाळली, तेही लिहा. ॲपवर बटण दाबून बंद केलेलं सध्या बाजूला ठेवूया.

खानापूर : माझं सांगतो. फ्रिजचं कर्ज डिसेंबरमध्ये फिटलं, एनओसीही हातात आली. तरी 5 जानेवारीला 2,150 रुपये पुन्हा कापले गेले. शाखेत म्हणाले, कंपनीला विचारा. कंपनी म्हणाली, बँकेला विचारा. मग पासबुक भरून घेतलं. त्या ओळीत ACH D, म्हणजे कंपनीनं आपोआप केलेल्या कापणीची खूण, आणि कंपनीचं नाव होतं. मँडेटचा, म्हणजे पैसे कापायला मी दिलेल्या परवानगीचा, UMRN हा ओळख नंबर नेट बँकिंगमध्ये सापडला, 20 अक्षरांचा.

अर्ज एका पानाचा केला. खाते क्रमांक, कंपनीचं नाव, कर्ज क्रमांक, UMRN, मग दोन स्वतंत्र वाक्यं : ‘हे मँडेट कायमचं रद्द करावं’ आणि ‘5 फेब्रुवारीला येणारी वसुली स्वीकारू नये’. नुसतं दुसरं लिहिलं असतं तर एक हप्ता थांबला असता नि मार्चला परत सुरू. एनओसीची झेरॉक्स जोडली. काउंटरवरचा माणूस म्हणाला, ‘इथं ठेवून जावा, बघतो.’ मी दुसरी प्रत पुढं केली आणि शिक्का, तारीख, सही घेऊनच हाललो. तोच अर्ज कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर पोस्टानं, पोच मागवून पाठवला. पत्ता कर्जाच्या करारावर असतो.

फेब्रुवारीत त्या UMRN वर काही गेलं नाही. पण मार्चमध्ये तीच कंपनी, तीच रक्कम, नंबर दुसरा! मँडेट दोन होती. दुसऱ्या अर्जात ‘या कंपनीच्या नावे माझ्या खात्यावर असलेली सर्व मँडेटं’ असं लिहिलं, तेव्हा थांबलं. जानेवारीचे पैसे कंपनीनं परत केले, मार्चचे अजून यायचे आहेत.

निपाणी : एवढा उपद्व्याप कशाला ओ? खात्यात पैसेच ठेवू नका. नाही कापलं जात, मी तसंच केलंय.

टिळकवाडी, निवृत्त बँक कर्मचारी : ताई, कापलं जात नाही हे खरं, पण प्रत्येक वेळी परतीचा दंड आणि त्यावर जीएसटी लागतो, तो पुढं पैसे जमा झाले की वसूल होतो. कर्ज बाकी असेल तर त्याहून वाईट. शिल्लक नसल्यानं इलेक्ट्रॉनिक हप्ता परत गेला, तर 2007 च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम 25 खाली खटला होऊ शकतो, चेक बाउन्ससारखाच. मँडेट रद्द केलं म्हणून कर्ज रद्द होत नाही. बाकी असेल तर दुसऱ्या मार्गानं भरा आणि ते पत्रात लिहा.

आणखी एक. पतसंस्थेला किंवा आरडीला तुम्हीच बँकेला सांगून पाठवत असाल, तर ती बँकेची स्वतःची स्थायी सूचना. तिथं कंपनीच्या होकाराची गरज नाही, शाखा एका अर्जावर बंद करते. ACH D असेल तर कंपनीलाही कळवा, नाहीतर ती नवं मँडेट पुढं करते.

हुक्केरी : माझ्या आईचे गृहलक्ष्मीचे 2,000 येत नाहीत. एनपीसीआय मॅपिंग नाही म्हणतात. हाच अर्ज चालेल का?

टिळकवाडी : नाही हो, ते उलटं. तिथं पैसे यायचे आहेत. आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते शाखेत पाहा.

चिकोडी : आमच्या शाखेत शिक्का देतच नाहीत. साहेब कन्नडमध्ये सांगतात, मेल करा. मी मेल केला तो noreply वर गेला, त्याची पोच कसली!

वडगाव : माझ्या मावसभावालाही तसंच. त्यानं शाखाधिकाऱ्यांच्या नावे स्पीड पोस्ट केलं, पोच मागितली आणि तोच कागद स्कॅन करून बँकेच्या तक्रार पोर्टलवर चढवला. तिथला तक्रार क्रमांक त्याला उपयोगी पडला. अर्ज इंग्रजीत होता, मराठीतला कोणी घेतला असेल तर लिहा.

टिळकवाडी : शिक्क्यावरची तारीख का महत्त्वाची, तर बँकेनं 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नाकारलं, तरच रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, cms.rbi.org.in वर. बँकेला अर्ज कधी मिळाला हे तुम्हालाच दाखवावं लागतं.

खानापूर : म्हणजे मार्चच्या पैशांसाठी माझे दिवस दुसऱ्या अर्जापासून धरायचे की पहिल्या?

चिकोडी : मलाही तेच विचारायचं होतं.