मदत हवी आहे: चार बिलांवर चुकीच्या फर्मचा जीएसटी नंबर गेलाय, तीन दुरुस्त होतील पण एकाची मुदत संपली

जमाखर्च_कुपवाड
नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत एका छोट्या युनिटचे हिशेब बघतो. आम्ही पंपाचे सुटे भाग करतो, उलाढाल दीड कोटीच्या आत, ई-इन्व्हॉइस लागू नाही.

आमचं एक गिऱ्हाईक म्हणजे बापलेकांच्या दोन फर्म. वडिलांची प्रोप्रायटरी, मुलाची प्रायव्हेट लिमिटेड. नाव जवळजवळ सारखंच, पत्ता एकच, दोन्ही नंबर २७ चेच. माल घेतो मुलगा, पैसे येतात मुलाच्या कंपनीच्या खात्यातून, पण टॅलीतल्या खात्याला नंबर पडला होता वडिलांचा. त्यामुळे छापील बिलावरही तोच आणि जीएसटीआर-१ मध्येही तोच.

बिलं अशी (सगळी १८ टक्के):
मार्च २०२५, करपात्र १,४०,०००, कर २५,२००
मे २०२५, करपात्र ९५,०००, कर १७,१००
जून २०२५, करपात्र १,१०,०००, कर १९,८००
जुलै २०२५, करपात्र ८०,०००, कर १४,४००

कर आम्ही त्या त्या महिन्यात भरलाय, त्यात काही बाकी नाही. मुलाने मार्चच्या बिलाचं क्रेडिट कागदावरून घेतलं, पुढची तीन २बी मध्ये दिसेनात म्हणून घेतलीच नाहीत. आता डिसेंबरात त्याला २०२४-२५ साठी एएसएमटी-१० आली, २बी पेक्षा २५,२०० जास्त क्रेडिट का घेतलं म्हणून. तिकडचे अधिकारी म्हणतात, सप्लायरकडून लेखी आणा. तो रोज फोन करतोय. ११ जानेवारीच्या आत डिसेंबरचा जीएसटीआर-१ भरायचाय, त्यात काय करू? आणि अधिकाऱ्यांना पत्रात लिहू काय?

बिनधास्त_बिलिंग
सोपं आहे. वडिलांच्या नंबरवर चार क्रेडिट नोटा काढा, मुलाच्या नंबरवर चार नवी बिलं काढा. आम्ही कायम असंच करतो, आजवर कुणी विचारलं नाही.

हळद_अडत
माझंही असंच झालंय. बेळगावच्या पार्टीचा २९ चा नंबर टाकायचा तर त्यांच्या कोल्हापूर शाखेचा २७ चा गेला. सीजीएसटी-एसजीएसटी भरून बसलोय. हेच पत्र मला चालेल का?

दादा_करसल्लागार
हळद_अडत, तुमची गोष्ट वेगळी आहे. तुमचा नुसता नंबर चुकलेला नाही, पुरवठ्याचं ठिकाण आणि त्यामुळे कराचा प्रकारच चुकलाय. तिथे आयजीएसटी नव्याने भरून आधीचा कर परत मागायचा रस्ता आहे, सीजीएसटीचं कलम ७७ वाचा. आयजीएसटीवर व्याज लागत नाही. वेगळा धागा काढा, इथे गुंता होईल.

आता मूळ प्रश्न. बिनधास्तरावांचा मार्ग चालून जातो हे खरं, पण इथे तो घेऊ नका. क्रेडिट नोट कलम ३४ ची. किंमत किंवा कर जास्त लागला, माल परत आला, मालात खोट निघाली, अशा कारणांसाठी ती असते. तुमच्याकडे यातलं काहीच घडलेलं नाही. शिवाय नवं बिल जानेवारीचं होणार आणि माल गेलाय मे महिन्यात. म्हणजे उद्या तुमचेच अधिकारी विचारणार, मे च्या मालाचं बिल आठ महिने उशिरा कसं, व्याज भरा. चूक एका रकान्याची आहे, तर रकानाच बदला.

मे, जून, जुलै ही २०२५-२६ ची बिलं. त्यांना ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत वाव आहे, त्याआधी वार्षिक विवरण भरलं तर ते भरेपर्यंतच. डिसेंबरच्या जीएसटीआर-१ मध्ये `9A - Amended B2B Invoices` उघडा, वर्ष आणि मूळ बिल नंबर टाका, `AMEND RECORD` दाबा. समोर आलेल्या नोंदीत फक्त घेणाऱ्याचा नंबर बदला. बिल नंबर, तारीख, रक्कम यांना हात लावू नका. एकदा दुरुस्त केलेली नोंद पुन्हा दुरुस्त करायला मिळेल या भरवशावर राहू नका, पंधराही अक्षरं दोघांनी मिळून वाचा.

भरण्याआधी सारांशात 9A समोरचा निव्वळ फरक बघा. तो शून्य यायला हवा. शून्य नसेल तर रक्कम कुठेतरी हललीय, थांबा.

जमाखर्च_कुपवाड
दादा, मला भीती तीच होती. 9A मध्ये २,८५,००० परत दिसले तर विक्री दोनदा धरली जाणार नाही ना?

दादा_करसल्लागार
कर दोनदा लागत नाही. दुरुस्त रकमेतून मूळ रक्कम वजा होऊन उरेल तेवढंच ३बी कडे जातं, आणि इथे उरतं शून्य. पण अधिकाऱ्यांकडे कुणी वर्षाचा तक्ता करताना ४ए आणि 9A ची नुसती बेरीज केली तर विक्री २,८५,००० ने फुगलेली दिसते. असं होताना मी पाहिलंय. म्हणून पत्रात हे वाक्य आपणहून घाला: "9A मधील तीन नोंदी नवीन पुरवठा नसून मे, जून व जुलै २०२५ मध्ये दाखवलेल्या व कर भरलेल्या बिलांच्याच दुरुस्त नोंदी आहेत, निव्वळ फरक शून्य आहे."

नवीन_आर्टिकल
एक उपप्रश्न. आत्ताच भरलेल्या महिन्यात अशी चूक लगेच सापडली तर जीएसटीआर-१ए आहे ना? ३बी भरायच्या आधी तिथे बदलता येतं.

दादा_करसल्लागार
बाकी बरंच बदलता येतं, घेणाऱ्याचा नंबर मात्र नाही. त्यासाठी पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१ चीच वाट बघावी लागते. यात बरेच जण फसतात.

बिनधास्त_बिलिंग
बरं, क्रेडिट नोट नको तर नको. पण मार्चच्या बिलाला घाबरायचं कारण नाही. बोर्डाचं परिपत्रक आहे १८३ नंबरचं, सप्लायरकडून घेणाऱ्याचा नंबर चुकला तर दाखल्यावर क्रेडिट मान्य करा म्हणून. पाच लाखांच्या आत सीएचा दाखलाही लागत नाही, सप्लायरचाच चालतो. हे अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवा, विषय संपला.

दादा_करसल्लागार
परिपत्रक बरोबर, साल चुकलं. १८३ आहे २०१७-१८ आणि २०१८-१९ साठी. पुढे १९३ ने ते ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत ओढलं. मार्च २०२५ त्यात बसत नाही, आणि ते लागू आहे असं पत्रात लिहिलंत तर पहिल्याच मिनिटाला पत छोटी होईल. दाखल्याचा नमुना म्हणून मात्र उपयोग करा. अधिकाऱ्यांना तो ओळखीचा आहे.

मार्चचं बिल २०२४-२५ चं, त्याची मुदत ३० नोव्हेंबर २०२५ लाच संपली. 9A ते घेणार नाही. इथे अधिकाऱ्यांची अडचण समजून घ्या. नंबर चुकला याचं त्यांना फारसं काही नसतं, एकाच करावर दोघांनी क्रेडिट घेतलं नाही ना, एवढं त्यांना बघायचं असतं. म्हणून मला आधी एक सांगा: वडिलांच्या फर्मने ही क्रेडिटं घेतली आहेत का?

जमाखर्च_कुपवाड
ते म्हणतात, "आम्ही कशाला घेऊ, आमचा मालच नाही."

दादा_करसल्लागार
तोंडी नको, त्यांची ३बी बघा. ऑक्टोबर २०२४ पासून आयएमएस आलंय. तिथे बिल नाकारलं नाही, काहीच केलं नाही, तर ते स्वीकारलं असंच धरून २बी मध्ये जातं आणि तिथून ३बी मध्ये आकडा आयता भरून येतो. न घेता घेतलेलं क्रेडिट म्हणतो मी त्याला.

तिरकस_तात्या
सीए कशासाठी ठेवलाय मग? इथे फुकटात केस चालवताय.

जमाखर्च_कुपवाड
तात्या, वर्षाला एकदा सही करतात ते.

दादा, बघून आलो. चारही बिलं वडिलांच्या ३बी मध्ये आहेत. ७६,५०० चं क्रेडिट. त्यांच्या अकाउंटंटने आयएमएस उघडलेलंच नाही.

दादा_करसल्लागार
मग कामाचा क्रम बदलला. आधी वडिलांकडून ते उलटवून घ्या. तुमचं 9A भरून झाल्यावर त्यांच्या पुढच्या २बी मध्ये काय येतं ते बघा. तिथून आपोआप वजा झालेलं नसेल तर ३बी च्या ४बी मध्ये स्वतः उलटवा. दोनदा मात्र नको. मार्चच्या २५,२०० ना कुठलीही दुरुस्ती येणार नाही, तेवढे हातानेच उलटवायचे. व्याज १८ टक्क्यांनी, पण क्रेडिट प्रत्यक्ष वापरलं गेलं असेल तरच. त्यांच्या क्रेडिट लेजरमधली शिल्लक मधल्या काळात त्या रकमेच्या खाली गेलीच नसेल तर व्याज नाही. लेजर काढून महिन्यागणिक शिल्लक बघा.

मग मुलाचं उत्तर एएसएमटी-११ मध्ये जाईल, नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत. त्याला तुमचं पत्र जोडा. असं काहीसं लिहा:

"आमचे मार्च २०२५ चे बिल आपले करदाते यांना दिलेल्या मालाचे आहे. आमच्या खातेनोंदीतील चुकीमुळे बिलावर व जीएसटीआर-१ मध्ये दुसऱ्या नोंदणीकृत व्यक्तीचा क्रमांक गेला. कर रु. २५,२०० आम्ही मार्च २०२५ च्या विवरणात भरला आहे. माल, मोबदला व डिलिव्हरी चलन सोबतच्या कागदांवरून पडताळता येईल. ज्यांचा क्रमांक चुकून गेला त्यांनी सदर क्रेडिट उलटवले असून त्यांच्या विवरणाची प्रत जोडली आहे."

जोडायचं काय: मुलाची खरेदी ऑर्डर, त्याच्या माणसाच्या सहीचं डिलिव्हरी चलन, बँकेचा उतारा, तुमच्या खात्याची प्रत, आणि त्याच नंबर-तारखेचं दुरुस्त बिल सही-शिक्क्यासह. बँकेचा उतारा सगळ्यांत वर ठेवा. पैसे कुणाच्या खात्यातून आले यावर सहसा वाद होत नाही.

नवीन_आर्टिकल
मुंबई उच्च न्यायालयाचा स्टार इंजिनिअर्सचा निकाल लागू होईल ना? डिसेंबर २०२३ चा. त्यातही जीएसटीआर-१ मध्ये खऱ्या खरेदीदाराऐवजी माल जिथे पोचवला त्यांचे नंबर गेले होते, आणि मुदत संपूनही दुरुस्ती करू द्या म्हणाले.

दादा_करसल्लागार
अगदी जवळचा आहे, पत्रात उल्लेख जरूर करा. पुढे मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अबर्डेअरच्या प्रकरणात खात्याची याचिका फेटाळताना, चुका माणसाकडून होतात आणि सॉफ्टवेअरची मर्यादा हे कारण होऊ शकत नाही, अशा अर्थाचं म्हटलंय. पण ती मंडळी रिट करून तिथवर गेली होती. टेबलावरचा अधिकारी पोर्टल उघडून देऊ शकत नाही. तो फार तर कागद पाहून मुलाची नोटीस एएसएमटी-१२ देऊन बंद करू शकतो. करेल की नाही हे मी सांगू शकत नाही. एकाने माझ्यासमोर बंद केलीय, दुसऱ्याने "२बी मध्ये नाही म्हणजे नाही" म्हणून पुढची नोटीस काढलीय. आणि २५,२०० साठी हायकोर्टात जायचं गणित जुळत नाही, हे तुम्हालाही कळतंय.

जमाखर्च_कुपवाड
(अपडेट) ९ तारखेला भरलं. 9A मध्ये तिन्ही, निव्वळ फरक शून्य. १४ तारखेला मुलाच्या २बी मध्ये तिन्ही बिलं दिसली, ५१,३०० चं क्रेडिट डिसेंबरच्या ३बी मध्ये घेतोय.

काल त्याच्यासोबत अधिकाऱ्यांकडे गेलो. बाई होत्या, शांतपणे ऐकून घेतलं. बँकेचा उतारा आणि चलन जुळवून पाहिलं, खुणा केल्या. निकालाची पानं नुसती चाळली. मग पहिला प्रश्न तोच: "यांच्या वडिलांची ३बी कुठंय?" दादा, तुम्ही म्हणाला होता तसंच.

अडलंय तिथेच. वडील म्हणतात, माझी विवरणं पोराच्या केसमध्ये का देऊ, उद्या माझ्याच मागे लागतील. उलटवायला तयार आहेत, कागद द्यायला नाही. २२ तारखेची पुढची तारीख मिळालीय.

दादा_करसल्लागार
पूर्ण ३बी नका मागू. ज्या महिन्यात उलटवलं तेवढीच क्रेडिट लेजरमधली नोंद आणि दोन ओळींचं सहीचं पत्र मागा. तेवढ्यावर भागतं का, हे बाईंना आधी फोन करून विचारा.