मँडेट बंद केले म्हणजे वार्षिक प्लॅन बंद झाला का?

खारघरची अनुवादिका:
मी घरून न्यायालयीन कागदपत्रांचे अनुवाद करते. त्यासाठी गेल्या वर्षी १२ एप्रिलला एका पीडीएफ संपादन साधनाचा वार्षिक प्लॅन घेतला, तो पहिल्या वर्षाच्या सवलतीत जीएसटीसह ४,२४८ रुपयांना पडला. यंदा १२ एप्रिलला पहाटे त्याच प्लॅनचे पूर्ण दराने १०,६२० रुपये क्रेडिट कार्डावरून गेले आणि ओटीपीही आला नाही. १३ तारखेला मी बँकेच्या अ‍ॅपमधून मँडेट, म्हणजे कार्डावरून आपोआप पैसे वळते करण्याची परवानगी, रद्द केले. आता प्लॅन आपोआप संपून पैसे परत मिळायला हवेत, असे मला वाटते. नवऱ्याचे म्हणणे, पैसे गेले ते गेले, पुढच्या वर्षी लक्ष ठेव. कोणाचे बरोबर?

घोडबंदर रोड:
ताई, आपलेच बरोबर आहे. पाच हजारांच्या वरची रक्कम ओटीपीशिवाय वळती करता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, त्यामुळे चूक बँकेची आहे. हा व्यवहार मी केलेला नाही, असे बँकेला लेखी कळवावे आणि रक्कम परत मागावी. कंपनीच्या दारात जाण्याचे कारणच नाही. परवानगी काढून घेतल्यावर त्यांच्याकडे वसुलीचा आधार काय उरतो?

नौपाडेकर:
मी ठाण्यात एका बँकेच्या कार्ड तक्रार विभागात बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. घोडबंदर रोड यांनी सांगितलेली पाच हजारांची मर्यादा पूर्वी होती, पण जून २०२२ मध्ये ती १५,००० रुपयांवर नेण्यात आली. मँडेट नोंदवताना एकदा ओटीपी दिला की त्यानंतरच्या, या मर्यादेतील वसुलीला तो लागत नाही. १०,६२० ही रक्कम मर्यादेत बसते. ओटीपी आला नाही यात बँकेचे काही चुकलेले नाही, आणि ‘हा व्यवहार मी केला नाही’ असे लिहून दिले तर बँक गेल्या वर्षीची आपली संमती पुढे ठेवेल आणि तक्रार तिथेच बंद होईल.

गेल्या वर्षीच्या नोंदणीत आणखी एक गोष्ट दडलेली असते. आपण ४,२४८ रुपये भरत होता, पण मँडेटवर कमाल रक्कम किती लिहिली होती, हे बँकेच्या अ‍ॅपमध्ये पाहावे. अशा प्लॅनमध्ये ती बहुधा १५,००० असते. खरेदीच्या रकमेपेक्षा ती बरीच मोठी दिसली की पुढच्या वर्षीचा दर वेगळा असणार, हे त्याच दिवशी ओळखता येते, पण तो पडदा कोणी वाचत नाही. मीही वाचत नसे.

बँकेचे जे कर्तव्य आहे ते दुसरेच. वसुलीच्या किमान २४ तास आधी तिने व्यापाऱ्याचे नाव, रक्कम आणि तारीख कळवायची असते आणि त्या सूचनेतच नकार देण्याची सोय ठेवायची असते. ती सूचना एसएमएस किंवा ईमेलने आली होती का, हे आधी शोधावे. आली नसेल तर बँकेविरुद्ध आपली बाजू खरोखर भक्कम आहे. लेखी तक्रार करावी, तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाता येते.

आता मूळ मुद्दा. मँडेट हा आपला आणि बँकेचा मामला आहे, प्लॅन हा आपला आणि कंपनीचा. १३ तारखेला आपण केले त्यामुळे पुढच्या वर्षीची वसुली थांबली, १२ तारखेची थांबली नाही, कारण ती आधीच झाली होती. कंपनीच्या नोंदीत आपण आजही पूर्ण दराच्या ग्राहक आहात. खात्यात जाऊन प्लॅन रद्द करणे हे वेगळे काम आहे आणि ते आजच करावे, कारण अनेक कंपन्या नूतनीकरणानंतर ठरावीक दिवसांत रद्द केल्यास पूर्ण परतावा देतात. किती दिवस, ते अटींमध्ये पाहावे.

स्टुडिओवाला, राम मारुती रोड:
माझे मत कोणाला आवडणार नाही, पण लिहितो. पहिल्या वर्षी सवलत आणि नंतर पूर्ण दर, हे खरेदीच्या पानावर लिहिलेले होते. आपण स्वस्तात घेतले तेव्हा ती अट आपल्याला चालली. आमच्याकडे लग्नाचे अल्बम करणारे गिऱ्हाईक आगाऊ रक्कम देऊन नंतर ‘मी तर सहज विचारले होते’ म्हणू लागले तर आम्ही ऐकून घेऊ का? कॅलेंडरमध्ये तारीख लिहून ठेवणे एवढे कठीण नाही.

प्लॅन रद्द करण्याआधी मात्र कामाची गोष्ट विसरू नये. मी फोटो संपादनाचा एक प्लॅन बंद केला तेव्हा मूळ फोटो माझ्या डिस्कवर होते, पण केलेले बदल त्या साधनाच्या स्वतःच्या स्वरूपात क्लाउडवर होते आणि प्लॅन संपल्यावर ते उघडेनात. दोन रविवार ते पुन्हा करण्यात गेले.

ऐरोलीचा आप्पा:
माझाही हाच अनुभव आहे. मी पाचव्या महिन्यात प्लॅन बंद करायला गेलो तर उरलेल्या सात महिन्यांच्या रकमेच्या निम्मे द्या म्हणाले! दरमहा पैसे भरत होतो, मग बंद करताना दंड कसला? ताई, आपण सावध राहा, रद्द केलेत तर आपल्यालाही दंड लागेल.

नौपाडेकर:
आप्पा, आपला प्लॅन वर्षाचा आणि हप्ते महिन्याचे, असा होता. त्यात वर्षभराची बांधिलकी आधीच दिलेली असते, म्हणून मध्येच सोडताना शुल्क लागते. ताईंनी वर्षाचे पैसे एकरकमी भरले आहेत. तिथे दंड नसतो, पण परताव्याची मुदत संपल्यावर पैसेही परत मिळत नाहीत, फक्त वर्ष संपेपर्यंत साधन वापरता येते. दोन्हींवर ‘वार्षिक’ असेच लिहिलेले असते, त्यामुळे आपली गफलत होणे साहजिक आहे.

खारघरची अनुवादिका:
सर्वांचे आभार. एसएमएस सापडला. १० एप्रिलला दुपारी आला होता, रक्कम आणि तारखेसह, आणि वीज बिलाच्या व कर्ज देऊ करणाऱ्या संदेशांमध्ये मी तो न वाचताच सोडला होता. तेव्हा बँकेशी भांडण्याचा विषय संपला. मँडेटवरची कमाल रक्कम खरोखरच १५,००० निघाली.

अटींमध्ये नूतनीकरणापासून १४ दिवसांत रद्द केल्यास पूर्ण परतावा असे लिहिले आहे, म्हणजे माझ्याकडे २६ एप्रिलपर्यंत वेळ होता. काल आधी माझी सगळी दस्तऐवजे साध्या पीडीएफ स्वरूपात उतरवून घेतली आणि मग खात्यात गेले. Cancel plan दाबल्यावर पहिल्या पानावर मी काय काय गमावणार याची यादी होती, दुसऱ्यावर कारण विचारले, तिसऱ्यावर ४० टक्के सवलत देऊ केली. त्या सवलतीचे बटण मोठे आणि निळे होते, पुढे जाण्याची ओळ मात्र खाली बारीक करड्या अक्षरांत. मी क्षणभर सवलत घेणारच होते, पण खाली लिहिले होते की ती स्वीकारल्यास आजपासून नवे वर्ष सुरू होईल. चौथ्या पानावर एकदाचे रद्द झाले. खात्यात आधी Renews on असे दिसत होते, आता Cancelled दिसते, आणि परतावा पाच ते सात कामाच्या दिवसांत येईल असा ईमेल आला आहे.

नौपाडेकर:
तो ईमेल आणि खात्याच्या त्या पानाचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा. बरेच जण दुसऱ्या-तिसऱ्या पानावरच ‘झाले’ समजून खिडकी बंद करतात आणि प्लॅन चालूच राहतो. शेवटचा ईमेल आला नाही तर रद्द झाले नाही, असेच समजावे. फक्त मदत विभागाला पत्र लिहून थांबू नये, कारण त्यांचे उत्तर येईपर्यंत मुदत उलटू शकते.

हाच प्लॅन कोणी फोनमधून घेतला असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर रद्द करण्याचे बटण बहुधा सापडतच नाही. तो प्ले स्टोअरमध्ये किंवा आयफोनच्या सेटिंग्जमध्ये Subscriptions या ठिकाणी जाऊन रद्द करावा लागतो. अ‍ॅप काढून टाकल्याने काहीच रद्द होत नाही.

घोडबंदर रोड:
ओटीपीच्या मर्यादेबाबत माझी माहिती जुनी होती, मान्य. पण चार पाने, निळे बटण आणि करडी अक्षरे हे स्टुडिओवाल्यांना योग्य वाटते का? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्न, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या ऑनलाइन युक्त्या, रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांतील तेरा प्रकारांत सदस्यत्वाचा सापळा हा एक प्रकार स्पष्ट लिहिलेला आहे. पैसे परत मिळाले तरी ताईंनी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

स्टुडिओवाला, राम मारुती रोड:
चार पाने मलाही आवडली नाहीत. पण त्या तत्त्वांत रद्द करणे अशक्य किंवा किचकट करणे, तो पर्याय लपवणे, असे लिहिले आहे. पूर्ण दराने नूतनीकरण करणे हाच सापळा, असे कुठे म्हटले आहे? ताईंचे काम एका बैठकीत झाले. यात किचकट किती आणि विक्रीची नेहमीची युक्ती किती, हे मी तरी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

घोडबंदर रोड:
घेताना एक पान आणि सोडताना चार, हा फरकच पुरावा आहे, असे मी म्हणेन. शिवाय मी स्वतः आता घेतल्या दिवशीच नूतनीकरण बंद करून टाकतो. वर्षाचे पैसे भरलेले असतात, साधन वर्षभर चालते.

नौपाडेकर:
एकरकमी वार्षिक प्लॅनमध्ये हे बहुधा चालते, आणि मीही तसेच करतो. दोन ठिकाणी मात्र जपावे. मोफत चाचणीत काही साधने रद्द करताच त्याच क्षणी बंद होतात. दुसरे, घेतल्यानंतरच्या पहिल्या चौदा दिवसांत रद्द केल्यास काही कंपन्या त्याचा अर्थ परतावा मागितला असा घेतात आणि प्लॅन तत्काळ संपवतात. म्हणून मी पंधरवडा उलटू देतो, आणि रद्द करताना शेवटच्या पानावर साधन कोणत्या तारखेपर्यंत चालेल ती तारीख वाचूनच पुढे जातो.

खारघरची अनुवादिका:
एक शंका राहिली. याच खात्यातून मी तीन अशिलांना ई-स्वाक्षरीसाठी करारपत्रे पाठवली होती. दोघांच्या सह्या झाल्या, त्या प्रती मी स्वाक्षरीच्या नोंदपत्रासह उतरवून घेतल्या. तिसऱ्याची सही अजून बाकी आहे आणि त्याला पाठवलेली लिंक आज उघडत नाही. ती पुन्हा चालू होईल का, की त्याच्याकडे बेलापूरला जाऊन कागदावरच सही घ्यावी?

स्टुडिओवाला, राम मारुती रोड:
कागदावरच घ्यावी. मी असतो तर वाट पाहिली नसती.