बी विंगची टाकी गळतेय (ऐरोली, सोसायटी ग्रुप)

सेक्रेटरी: बी विंगच्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी निपलजवळ थेंब थेंब गळतेय. प्लंबर म्हणतो नट अजून आवळतो, वरून पुट्टी लावतो. करू दे का?

वैशालीताई, बी-३०२: करून टाका, माझ्या छताला ओल यायला लागलीय 🙏

सावंतकाका, ए-१०१: थांबा, आवळू देऊ नका. थेंब रबराच्या कडेने येतोय की नटाच्या आट्यांतून?

सेक्रेटरी: आट्यांतून. रबर वॉशर बाहेर, नटाखाली दिसतोय.

सावंतकाका: मग तेच कारण. वॉशर आत हवा, निपलच्या कॉलरखाली. आतलं पाणी कॉलर दाबतं, रबर भिंतीला घट्ट बसतं आणि पाणी भोकापर्यंत पोचतच नाही. बाहेर लावला की पाणी भोकात शिरून आट्यांवरून निघतं, नटाचे आटे काही पाणी अडवत नाहीत. शिवाय नट फिरतो तेव्हा रबर सोबत पिळतं. टेफ्लॉनही तिथे गुंडाळू नका, ती फक्त पाइपाच्या जोडाला. आणि पुट्टी या प्लास्टिकला धरतच नाही, महिन्याभरात पापुद्रा निघेल.

रोहन, बी-५०४: काका, वर जाऊन आलो. टाकी रिकामी करून निपल काढला. भोक ३५ मिमीचं, पण कड खडबडीत, तापवलेल्या सळीने पाडल्यासारखी. एका खाचेतून ३ मिमीची पांढरी रेघ गेलीय.

सावंतकाका: ती चीर. टोकदार खाच असली की सगळा ताण तिथेच येतो, म्हणून आवळू नका म्हटलं. पण चीर लहान आहे, कापून टाकता येईल. भोकाच्या मधल्या बिंदूपासून चिरीचं टोक साडेसतरा अधिक ३, म्हणजे साडेवीस मिमीवर. ४४ मिमीचं भोक केलं तर कड २२ वर जाते, चीर त्यात संपते. सव्वा इंची निपलचे आटे ४२ मिमीचे, बरोबर बसेल. पुढे रिड्यूसर लावून जुना एक इंची पाइप.

रोहन: पण होलसॉचा मधला ड्रिल टेकणार कशावर? तिथे तर भोकच आहे.

सावंतकाका: प्लायच्या तुकड्यात आधी ४४ चं भोक पाड आणि तो टाकीवर घट्ट धर, होलसॉ त्यातून चालव. ड्रिल हळू, हॅमर बंद, नाहीतर प्लास्टिक वितळून चिकटतं. मग कड पॉलिश पेपरने गुळगुळीत कर. नखाला काही अडकलं नाही पाहिजे.

सेक्रेटरी: नट किती आवळायचा?

सावंतकाका: हाताने पूर्ण, मग पान्याने पाव फेरा, फार तर अर्धा. रबर कडेने फुगून बाहेर आलं तर जास्त झालं. पाइपाखाली विटांचा टेकू आणि क्लॅम्प हवाच, नाहीतर सगळं वजन निपलवर लटकतं आणि पुन्हा तिथेच चीर.

वैशालीताई: आणि माझं छत?

सेक्रेटरी: ताई, आधी टाकी. शनिवारी १० ते १ बी विंगचं पाणी बंद, बादल्या भरून ठेवा. ४४ चा होलसॉ कोणाकडे आहे?