मदत हवी आहे: मिरजेच्या तंबोऱ्यावरचा माहितीपट, जवारीच्या प्रसंगाचं निवेदन आणि जुनं फुटेज

दृश्यवेध

मिरजेच्या तंबोऱ्याच्या कारागिरीवर आम्ही 22 मिनिटांचा माहितीपट करत आहोत. भोपळा कापणं, दांडी जोडणं, तबली बसवणं, पॉलिश हे टप्पे डोळ्यांना दिसतात, त्यामुळे त्यांचं निवेदन सहज लिहून झालं. अडलंय ते जवारीपाशी, म्हणजे तंबोऱ्याला झंकार यावा म्हणून तारांखालची घोडी घासून जुळवण्याच्या कामापाशी. चार मिनिटांचा तो प्रसंग माहितीपटाच्या मधोमध येतो आणि तिथे पडद्यावर जवळजवळ काहीच घडत नाही. सध्याचा मसुदा असा आहे:

"शतकानुशतकांची परंपरा जपणारे हे हात. घोडीवर कानस फिरते. तारेखाली रेशमी धागा सरकतो आणि त्या धाग्याच्या स्पर्शातून तंबोऱ्याचा झंकार जन्म घेतो."

कारागिरांसाठी काढलेले प्रश्न: या कामाची सुरुवात कशी झाली? तंबोरा बनवताना काय वाटतं? नवी पिढी या कामात येते का?

जुन्या फुटेजच्या यादीत दोन गोष्टी आहेत. एक, संस्थानकाळातल्या मिरजेतल्या वाद्यांच्या कारखान्याचं चित्रण. दोन, अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाणं. निवेदनात काही चूक आहे का, कारागिरांना काय विचारावं आणि ही यादी कितपत बरोबर आहे, हे जाणकारांनी सांगावं.

चकोर

निवेदन बरोबर आहे. जवारी म्हणजे सुताचाच खेळ. सूत पुढेमागे केलं की झंकार लागतो. मात्र रेशीम म्हणू नका, बहुतेक ठिकाणी साधं सुती सूतच असतं.

खर्ज

चकोर, सुताबद्दल तुम्ही म्हणता ते अर्धंच खरं आहे. सूत सरकवल्यावर झंकार लागतो, पण घोडीचा माथा आधी नीट घासलेला असेल तरच. माथा बिघडला असेल तर सूत कुठेही नेलं तरी आवाज खुलत नाही. म्हणून "धाग्याच्या स्पर्शातून" हे वाक्य काढाच, कारण तुमच्या चार मिनिटांचा सगळा अर्थ त्यानेच चुकतो.

घोडीचा माथा दिसायला सपाट असला तरी त्याला तारेच्या दिशेने अगदी हलका उतार असतो. छेडल्यावर तार एका ठरावीक बिंदूवरून सुटत नाही. ती त्या उतारावर क्षणाक्षणाला टेकते आणि उचलली जाते, म्हणजे कंप पावणाऱ्या तारेची लांबी सतत किंचित बदलत राहते. त्या घासण्यातून वरचे स्वयंभू स्वर जागे होतात. सूत तारेला माथ्यापासून केसभर वर धरतं आणि तार उताराला नेमकी कुठे टेकेल ते ठरवतं. झंकार उतारातून येतो, सूत फक्त त्याची जागा पक्की करतं.

माथा जास्त गोल झाला तर तार पटकन सुटते आणि आवाज बंद, ठोकळ येतो. जास्त सपाट झाला तर तार भरपूर घासते, आवाज खरखरतो आणि लवकर विरतो. वापरून वापरून तारेने माथ्यावर खाच पाडली असेल तर तार त्या खाचेत बसते आणि झंकार अनुनासिक होतो. कारागीर आधी ही खाच घासून काढतो. त्यासाठी तारा सैल करून घोडी बाहेर काढावी लागते. मग थोडं घासायचं, परत बसवायची, स्वरात आणायची, ऐकायची, पुन्हा काढायची. घासलेलं भरून येत नाही, म्हणून शेवटचे हात अगदी हलके असतात. तुमच्या चार मिनिटांत हे काढणं-बसवणं दोन-तीनदा दिसलं पाहिजे. फक्त कानशीचा क्लोजअप दाखवला तर प्रेक्षकाला ते सुतारकाम वाटेल.

"शतकानुशतकांची" हा शब्दही काढा. मिरजेतलं हे काम 19व्या शतकाच्या मध्यापासूनचं. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार कुटुंबातल्या फरीदसाहेबांपासून ते सुरू झालं, असं तिथे सांगितलं जातं. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तो उल्लेख शेवटच्या पाटीत पुरे.

निरंजना

माझ्या तंबोऱ्याची पंचमाची तारच खरखरते, बाकीच्या तीन ठीक आहेत. याला जवारी करून घ्यावी लागेल का? पुण्यात कुठे करतात?

खर्ज

निरंजना, एकच तार बिघडली असेल तर आधी ती तारच बदलून पाहा. गंजलेली किंवा मुडपलेली तारही अशीच खरखरते. नवी तार लावून, सूत सरकवूनही फरक पडला नाही तर घोडीवर त्या तारेखाली खाच आहे का ते तिरप्या उजेडात पाहा. खाच असेल तर मग जवारी. पत्त्यांसाठी वेगळा धागा काढलात तर उत्तरं लवकर मिळतील.

दृश्यवेध

खर्ज, आभार. पण हे सगळं निवेदनात घातलं तर प्रसंगाचं व्याख्यान होईल. बोलण्याऐवजी दाखवता येईल असं काही आहे का?

खर्ज

आहे. त्याचा आधार सी. व्ही. रामन यांच्या कामात आहे. त्यांनी 1921 मध्ये तंबोरा आणि वीणेच्या घोडीवर लिहिलं. तार बरोबर मध्यावर छेडली तर ज्या स्वयंभू स्वरांचा स्थिर बिंदू मध्यावर पडतो ते उमटायला नकोत. वरचा षड्ज त्यांतलाच. तंबोऱ्यात मात्र तो ऐकू येतो, आणि त्याचं कारण घोडीचा माथा.

कॅमेऱ्यासमोर हे असं करा. खर्जाच्या तारेची अटीपासून घोडीपर्यंतची लांबी मोजा आणि मध्यावर दांडीवर कागदाची बारीक पट्टी चिकटवा. जवारी लागलेली असताना तार नेमकी तिथेच छेडा आणि दोनेक सेकंदांनी त्याच बिंदूला बोटाचं टोक अलगद लावून काढा. मूळ स्वर थांबेल, पण वरचा षड्ज वाजत राहील. मग सुताच्या जागी, घोडीच्या पुढच्या कडेला, तारेखाली काडीचा पातळ तुकडा सरकवा, म्हणजे तार माथ्यापासून सुटते आणि जवारी बंद होते. तार किंचित चढेल, ती परत स्वरात घ्या. पुन्हा तसंच छेडून बोट लावा. आता जवळजवळ शांतता होते.

मर्यादा एकच. छेडण्याची जागा मध्यापासून सरकली तर दुसऱ्या वेळीही थोडा षड्ज उरतो आणि फरक पुसट होतो. म्हणून मध्य आधी नीट शोधा आणि तीन-चार वेळा घ्या. काडी बसवण्याचं काम कारागिराकडूनच करून घ्या आणि त्यासाठी जुनी घोडी मागा, नवीला चरा पडायला नको.

या जागेवर निवेदन असं चालेल असं मला वाटतं:

"तार मध्यावर छेडली. मूळ स्वर बोटाने थांबवला. तरी वरचा षड्ज वाजतोच आहे." (बारा सेकंद फक्त तंबोरा.) "आता तारेखाली काडी आहे. तार माथ्याला टेकत नाही." (पुन्हा छेड, बोट, शांतता.) "कारागीर कानशीने जो उतार देतो, तो हा."

पटकथा_टिपण

मजकुराबद्दल बोलत नाही, कामापुरतं सांगते. मराठी निवेदन मिनिटाला साधारण शंभर शब्दांच्या वर गेलं की तंबोऱ्याला जागा उरत नाही. चार मिनिटांच्या या प्रसंगात दीडशे शब्द हीच कमाल धरा. तंबोऱ्याचा आवाज कापताना चारही तारांची पूर्ण फेरी झाल्यावरच कापा, मध्ये कापलं की कानाला ठेच लागते. मायक्रोफोन घोडीपासून हातभर अंतरावर ठेवा आणि आपोआप आवाज कमी-जास्त करणारी सोय बंद करा. ती चालू राहिली तर विरत जाणारा स्वर मशीनच वर उचलेल आणि तुमचा प्रयोग खोटा ठरेल. विजेच्या दिव्यांखाली 25 फ्रेमवर शटर 1/50 ठेवलं तर लुकलुक होत नाही.

"काय वाटतं" या प्रश्नाला "समाधान वाटतं" हेच उत्तर मिळतं, ते चित्रित करून काही हाती लागत नाही. हातात घोडी असताना असे प्रश्न विचारा:

– ही खाच कोणत्या तारेने पाडली? कशावरून ओळखलीत?
– पोलादी तारेखाली आणि पितळी तारेखाली एकसारखंच घासता का?
– आता घासणं का थांबवलंत? काय ऐकलंत?
– ही घोडी कशाची आहे? आधी कशाची करत? फरक वाजवून दाखवाल?
– गवयाने "जवारी जास्त खुली झाली" म्हटलं तर परत कसं आणता?

उत्तरानंतर पाच-सहा सेकंद कॅमेरा बंद करू नका. कारागीर बोलून झाल्यावर पुन्हा तार छेडून पाहतात आणि संकलनात तेच लागतं.

चकोर

उतार आणि काडीचा मुद्दा पटला. पण मिरजेच्या प्रसंगाला जुनी दृश्यं हवीतच. संस्थानकाळातल्या कारखान्याचं चित्रण दिल्लीच्या संग्रहात नक्की असेल.

पटकथा_टिपण

"संस्थानकाळ" हा शब्द फार लांब पसरतो, काळ नेमका ठरवा. भारतात पहिलं चलच्चित्र 7 जुलै 1896 ला मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवलं गेलं. फरीदसाहेबांच्या काळाचं चित्रण मागायला जाऊ नका, ते असणं शक्य नाही. तिथे छायाचित्र, जुना तंबोरा, एखादा दस्तऐवज एवढंच मिळू शकतं. कलाकार उभे करून तो काळ रंगवू नका. जे "सांगितलं जातं" ते निवेदनातही तसंच म्हणा.

यादीत प्रत्येक वस्तूपुढे ती कोणत्या वाक्यावर किती सेकंद लागणार ते लिहा. संग्रहाचे लोक विचारतात ते हेच, आणि पैसेही बहुतेकदा सेकंदांवर ठरतात. 1950 नंतरच्या कामासाठी फिल्म्स डिव्हिजनचा साठा पाहा, 2022 पासून तो एनएफडीसीकडे आहे. दूरदर्शनसाठी प्रसार भारती. शोधताना "तंबोरा", "तानपुरा", "वाद्यनिर्मिती" आणि "मिरज" हे चारही शब्द वापरा. नोंदी कुणी कोणत्या नावाने केल्या असतील याचा नेम नसतो.

खाँसाहेब 1937 मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या हयातीतल्या तबकड्यांचा भारतातला साठ वर्षांचा हक्क केव्हाच संपला आहे. फक्त आवाज मूळ 78 फेऱ्यांच्या तबकडीवरून घ्या. एखाद्या कंपनीने नव्याने साफ केलेली आवृत्ती उचललीत तर वाद होऊ शकतो.

खर्ज

त्या तबकड्यांत तंबोरा मागे राहतो, जवारी नीट ऐकू येत नाही. खाँसाहेबांचा आवाज मिरजेच्या ओळखीसाठी वापरा, जवारीचा पुरावा म्हणून नको. त्या प्रसंगाला आजचंच ध्वनिमुद्रण हवं.

दृश्यवेध

मसुदा बदलतो. काडीचा प्रयोग कारागिरांशी आधी बोलून ठरवू. एक शंका उरली आहे: निवेदकाचा आवाज तंबोऱ्यावर ठेवायचा की दोन्ही वेगळे ठेवायचे?

खर्ज

वेगळे. जवारीच्या प्रसंगात शब्द आणि तंबोरा एकाच वेळी नकोत.

पटकथा_टिपण

मला हे पूर्ण पटत नाही. चार मिनिटं आलटून-पालटून ऐकवलं तर प्रसंग तुटक होतो. सुरुवातीला, घोडी बसवताना, तंबोरा हळू ठेवून त्यावर निवेदन चालेल. प्रयोगाला मात्र पूर्ण रिकामी जागा द्या. दोन्ही प्रकारे कच्चं संकलन करून इथे टाका, मग बोलू.